हे, तो आणि तेव्हा : गौण वाक्य ओळखण्याची खूण

मिश्र वाक्यात एक प्रधान वाक्य असते आणि त्याच्या आधाराने उभे राहणारे एक किंवा अधिक गौण वाक्ये असतात. गौण वाक्याला स्वतःचे कर्ता-क्रियापद असले, तरी संपूर्ण वाक्यात ते एखाद्या शब्दाचेच काम करते. नामाचे काम केले तर ते नामवाक्य, विशेषणाचे केले तर विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणाचे केले तर क्रियाविशेषणवाक्य. व्याख्या एवढी सोपी असूनही शाळेत आणि स्पर्धा परीक्षांत याच प्रश्नावर हमखास गुण जातात. याचे कारण बहुतेकांनी जोडणाऱ्या शब्दांची यादी पाठ केलेली असते. ‘की’ दिसला की नामवाक्य, ‘जो’ दिसला की विशेषणवाक्य, ‘जेव्हा’ दिसला की क्रियाविशेषणवाक्य. ही यादी बऱ्याचदा बरोबर उत्तर देते, पण अवघड वाक्यात नेमकी फसवते.

त्यापेक्षा भरवशाची खूण प्रधान वाक्यात असते. मराठी मिश्र वाक्याची ठेवण अशी आहे, की गौण वाक्य ज्या जागेवर बसते त्या जागेवर प्रधान वाक्यात सहसा एक छोटा शब्द मागे राहतो. ‘पाऊस येणार हे सगळ्यांना कळले’ यात ‘हे’, ‘जो मुलगा काल आला तो माझा भाचा’ यात ‘तो’, ‘जेव्हा दिवे लागले तेव्हा मुले परतली’ यात ‘तेव्हा’. गौण वाक्य हाताने झाकले, की उरते ते असे: ‘हे सगळ्यांना कळले’, ‘तो माझा भाचा’, ‘तेव्हा मुले परतली’. उरलेले वाक्य पूर्ण असते आणि मागे राहिलेला शब्द कोणत्या जातीचा आहे यावरून गौण वाक्याची जात कळते. असा शब्द दिसत नसला तर तो घालून पाहायचा. कोणता शब्द बसतो, हीच परीक्षा.

मात्र ही परीक्षा करण्याआधी वाक्यात गौण वाक्य मुळात आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी क्रियापदे मोजायची. येथे क्रियापद म्हणजे वाक्य पूर्ण करणारा शब्द: आला, येतो, यावा, आहे, नव्हता, पाहिजे, नको. ‘आलेला’, ‘येणारा’, ‘आल्यावर’, ‘येताना’, ‘आल्यामुळे’, ‘येण्यासाठी’ हे शब्द धातूपासून झालेले असले तरी ते धातुसाधिते आहेत. त्यांच्यावर वाक्य थांबत नाही, म्हणून ते मोजणीत धरत नाहीत. ‘पाऊस पडल्यामुळे सामना रद्द झाला’ यात मोजण्याजोगे क्रियापद एकच आहे, ‘झाला’. अर्थात दोन घटना आहेत, पण मराठी व्याकरणाच्या परंपरेत हे केवल वाक्यच. आधुनिक भाषाशास्त्रात धातुसाधितांच्या अशा रचनांनाही उपवाक्य मानण्याची पद्धत आहे, पण शालेय वाक्यपृथक्करण त्या वाटेने जात नाही आणि दोन्हींची सरमिसळ केली तर काहीच हाती लागत नाही.

या मोजणीत दोन ठिकाणी चकवा बसतो. वर्तमानकाळातला ‘आहे’ मराठीत सहज गाळला जातो. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ या म्हणीत एकही क्रियापद दिसत नाही, तरी ती दोन वाक्ये आहेत. दोन्हींत ‘आहे’ अध्याहृत आहे. दुसरा चकवा संयुक्त क्रियापदाचा. ‘मुले खेळू लागली होती’ यात शब्द तीन असले तरी क्रिया एकच सांगितली आहे, म्हणून तो एकच एकक धरायचा.

आता नामवाक्य. त्याची परीक्षा अशी: संपूर्ण गौण वाक्याच्या जागी ‘हे’, ‘ते’ किंवा ‘असे’ ठेवावे. वाक्य निर्वेध वाचता आले तर ते नामवाक्य. प्रश्न विचारायचा झाला तर प्रधान क्रियापदाला ‘काय?’ असा विचारायचा. ‘गुरुजींनी सांगितले, की पृथ्वी सूर्याभोवती फिरते.’ गुरुजींनी काय सांगितले? ‘गुरुजींनी असे सांगितले.’ गौण वाक्य येथे कर्माच्या जागी आहे. ‘त्याने वेळेवर पैसे परत केले हे बरे झाले’ यात काय बरे झाले, असे विचारले की गौण वाक्य उत्तर देते. ते कर्त्याच्या जागी आहे. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत दिले तरी निकाल बदलत नाही. ‘आई म्हणाली, “दार लावून घे”’ यातले ‘दार लावून घे’ हेही ‘काय म्हणाली’ याचेच उत्तर आहे.

नामवाक्याच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ प्रश्नवाचक शब्दांनी होतो. ‘तो कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नाही.’ येथे ‘कुठे’ दिसतो, म्हणून पुष्कळ विद्यार्थी स्थळदर्शक क्रियाविशेषणवाक्य असे उत्तर देतात. पण प्रधान वाक्यात मागे काय राहिले आहे? ‘हे कुणालाच ठाऊक नाही.’ मागे ‘तेथे’ राहिलेला नाही. म्हणजे हे नामवाक्य. पुढची जोडी शेजारी ठेवून वाचली, तर फरक आणखी स्वच्छ दिसतो.

‘तो केव्हा येणार ते सांग.’
‘तो जेव्हा येईल तेव्हा सांग.’

पहिल्या वाक्यात येण्याची वेळ हीच सांगण्याची गोष्ट आहे; ‘काय सांग?’ याचे ते उत्तर. दुसऱ्यात सांगण्याची गोष्ट वेगळीच काही असेल, गौण वाक्य फक्त सांगण्याची वेळ ठरवते, ‘केव्हा सांग?’ याचे ते उत्तर. पहिल्यात ‘ते’ बसते, दुसऱ्यात ‘तेव्हा’. मराठीत ही विभागणी बरीच पक्की आहे: कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, का या क-कारी शब्दांनी सुरू होणारे गौण वाक्य बहुतेक वेळा नामवाक्य असते, तर जो, जेथे, जेव्हा, जसा या ज-कारी शब्दांनी सुरू होणारे विशेषणवाक्य किंवा क्रियाविशेषणवाक्य असते. ज्या भाषांत दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात त्या भाषांच्या मानाने मराठी वाचकाचे काम येथे सोपे आहे. वाक्यपृथक्करणाचे हे शास्त्र इंग्रजी व्याकरणाच्या अभ्यासातून मराठीत आले, पण मराठी वाक्य तपासताना इंग्रजी वाक्याची ठेवण मनात ठेवली तर उलट अडथळाच होतो.

विशेषणवाक्य प्रधान वाक्यातल्या एखाद्या नामाविषयी किंवा सर्वनामाविषयी अधिक माहिती देते. त्याची परीक्षा दोन टप्प्यांत करावी. आधी ते नाम शोधून ‘कोणता?’, ‘कोणती?’, ‘कोणते?’ असा प्रश्न विचारायचा. मग गौण वाक्याला ‘-लेला’ किंवा ‘-णारा’ या रूपात आक्रसून त्या नामापुढे बसवायचे. ‘जी विहीर मागच्या वर्षी खणली ती आटली.’ कोणती विहीर आटली? ‘मागच्या वर्षी खणलेली विहीर आटली.’ ‘जे दुकानदार उधार देतात ते वर्षभर गिऱ्हाईक टिकवतात.’ कोणते दुकानदार? ‘उधार देणारे दुकानदार.’ एखादे वाक्य असे आक्रसून नामामागे विशेषणासारखे उभे राहिले, की शंकेला जागा उरत नाही.

या आक्रसण्याला मर्यादा आहे, ती माहीत असलेली बरी. ‘जो’ कर्त्याच्या किंवा कर्माच्या जागी असेल तोवर रूपांतर सुरळीत होते. ‘ज्याच्या’, ‘ज्याच्यासाठी’, ‘ज्याच्याबरोबर’ अशी रूपे आली की धातुसाधित अडखळते. ‘ज्या बाईंच्या घरी आपण उतरलो होतो त्या आता नाशिकला राहतात’ हे ‘-लेला’च्या साच्यात नीट बसत नाही. अशा वेळी आक्रसण्याचा हट्ट सोडून पहिला टप्पाच निर्णायक मानावा: कोणत्या बाई? ज्यांच्या घरी आपण उतरलो होतो त्या. परीक्षा नापास झाली म्हणजे वाक्य विशेषणवाक्य नाही असे ठरत नाही; मराठीच्या एका रूपाची तेवढी पोच नाही, इतकेच.

‘तो’पुढे नाम नसले, तरी काही बिघडत नाही. ‘जो कष्ट करतो तो खातो’ यात ‘तो’ हे सर्वनामच विशेष्य आहे आणि ‘कष्ट करणारा खातो’ असे रूपांतर होते. ‘चकाकते ते सारे सोने नसते’ यात ‘जे’ गाळलेले आहे. ते परत घातले की ‘जे चकाकते ते’ हे विशेषणवाक्य स्पष्ट होते आणि ‘चकाकणारे सारे सोने नसते’ असे आक्रसताही येते. मात्र येथेच ‘ते’ या शब्दाची एक दुटप्पी चाल लक्षात घ्यावी लागते. नामवाक्याच्या मागेही ‘ते’ येतो. ‘पाऊस पडला ते बरे झाले’ आणि ‘जे घडले ते बरे झाले’ ही वाक्ये कानाला सारखी लागतात. दुसऱ्याचे ‘घडलेले सारे बरे झाले’ होते. पहिल्याचे ‘पडलेले बरे झाले’ असे करता येत नाही, कारण पडला तो पाऊस आणि बरे झाले ते पाऊस पडणे. म्हणून त्याचे होते ‘पाऊस पडणे बरे झाले’. पहिले नामवाक्य, दुसरे विशेषणवाक्य. ‘ते’ सारखा असला, तरी आक्रसलेले रूप वेगळे येते.

हाच धागा पुढे नेला तर तिन्ही प्रकारांसाठी एक दुसरी, ताळा पाहण्याची परीक्षा मिळते. गौण वाक्य आक्रसले की नामवाक्याचे ‘-णे’ किंवा ‘-ल्याचे’ होते, विशेषणवाक्याचे ‘-लेला’ किंवा ‘-णारा’, आणि क्रियाविशेषणवाक्याचे ‘-ल्यावर’, ‘-ताना’, ‘-ल्यामुळे’, ‘-ण्यासाठी’ यांसारखे रूप. ‘पूल खचला आहे असे अभियंत्यांनी कळवले’ याचे ‘पूल खचल्याचे अभियंत्यांनी कळवले’. वृत्तपत्रांना हे ‘-ल्याचे’ फार आवडते, इतके की एका बातमीत ‘असल्याचे’, ‘झाल्याचे’, ‘केल्याचे’ यांची माळच लागते. वाचायला ती जड जाते, पण व्याकरणाच्या दृष्टीने तेथे नामवाक्य आक्रसून केवल वाक्य झालेले असते. शाळेतला ‘वाक्यरूपांतर करा’ हा प्रश्न आणि ‘गौण वाक्य ओळखा’ हा प्रश्न असे एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही.

नाम आणि त्याचा मजकूर सांगणारे वाक्य शेजारीशेजारी आले, की विशेषणवाक्याचा भास होतो. ‘साखर महागणार ही बातमी खोटी निघाली.’ कोणती बातमी, असे विचारले तर गौण वाक्य उत्तर देते, म्हणून ते विशेषणवाक्य वाटते. आता हे वाचावे: ‘जी बातमी त्याने आणली ती खोटी निघाली.’ येथेही कोणती बातमी याचे उत्तर मिळते. फरक असा, की पहिल्या वाक्यात ‘साखर महागणार’ हीच ती बातमी आहे. ‘बातमी’ हा शब्द काढून ‘साखर महागणार हे खोटे निघाले’ म्हटले तरी अर्थ शाबूत राहतो. दुसऱ्यात ‘त्याने आणली’ ही बातमी नव्हे. ती त्या बातमीची ओळख आहे आणि ‘त्याने आणलेली बातमी’ असे तिचे रूप होते. म्हणजे नाम गाळून ‘हे’ ठेवता येते का, हे पाहायचे. ठेवता आले तर नामवाक्य. ‘शंका’, ‘आशा’, ‘भीती’, ‘अफवा’, ‘कल्पना’, ‘गोष्ट’ या नामांजवळ ही खबरदारी नेहमीच घ्यावी.

क्रियाविशेषणवाक्य प्रधान वाक्यातल्या क्रियापदाविषयी माहिती देते, क्वचित एखाद्या विशेषणाविषयी किंवा क्रियाविशेषणाविषयी. क्रिया केव्हा झाली, कुठे, कशी, का, कशासाठी, कोणत्या अटीवर, कशाला न जुमानता, यांपैकी एखाद्या प्रश्नाचे ते उत्तर असते. परीक्षा: त्याच्या जागी ‘तेव्हा’, ‘तेथे’, ‘तसे’, ‘त्यामुळे’, ‘त्यासाठी’ यांपैकी एक शब्द बसला पाहिजे. ‘जिथे रस्ता संपतो तिथे देऊळ आहे.’ ‘पहिली एसटी मिळावी म्हणून ती पहाटेच निघाली.’ दुसऱ्यात ‘त्यासाठी ती पहाटेच निघाली’ असे म्हणता येते. ‘जर-तर’ आणि ‘जरी-तरी’ यांच्या बाबतीत प्रश्न विचारणे जरा ओढूनताणून होते, पण तेथे तशी गरजही पडत नाही, कारण ‘तर’ आणि ‘तरी’ हेच मागे राहतात. ‘ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा’ आणि ‘ताप उतरला तरी औषध थांबवू नका’ यांत ‘जर’ आणि ‘जरी’ गाळले आहेत, तरी ओळखायला अडचण नाही.

म्हणींमध्ये असे गाळणे तर सर्रास असते, आणि सरावासाठी म्हणींइतके चांगले साहित्य नाही. ‘करावे तसे भरावे’ यात ‘जसे’ अध्याहृत आहे. मागे ‘तसे’ राहिला, म्हणून रीतिदर्शक क्रियाविशेषणवाक्य. ‘पिकते तेथे विकत नाही’ यात ‘जेथे’ नाही, पण ‘तेथे’ आहे. ‘खाई त्याला खवखवे’ यात ‘जो’ गेला आहे आणि मागे ‘त्याला’ हे सर्वनाम उरले आहे, म्हणून विशेषणवाक्य. ‘खाणाऱ्याला खवखवे’ असे आक्रसून खात्री करून घेता येते. तिन्ही म्हणी दिसायला एकाच घडणीच्या, पण मागे राहिलेला शब्द त्यांना वेगळे करतो.

ज-कारी शब्दांच्या रूपावरही फार विसंबू नये. ‘जेथे’ हे क्रियाविशेषण आहे, पण ‘जेथे आम्ही लहानाचे मोठे झालो ते घर आता पाडले’ यात गौण वाक्य ‘घर’ या नामाविषयी सांगते. कोणते घर? मागे राहिलेला शब्द ‘ते’ आहे, ‘तेथे’ नाही. म्हणून विशेषणवाक्य. याच्या उलट ‘ज्या वेळी वीज गेली त्या वेळी शस्त्रक्रिया चालू होती’ यात ‘ज्या’ विशेषणासारखा ‘वेळी’ला जोडलेला असला, तरी ‘त्या वेळी’ म्हणजे ‘तेव्हा’. गौण वाक्य शस्त्रक्रिया केव्हा चालू होती ते सांगते, म्हणून क्रियाविशेषणवाक्य.

‘जसा’ची गोष्ट याहून बारीक आहे. हा शब्द लिंगवचनाप्रमाणे बदलतो, म्हणून तो नेहमी विशेषणच असेल असे वाटू शकते. ‘आईला जशी साडी हवी होती तशी मिळाली नाही’ यात ‘तशी’ साडीविषयी आहे. कशी साडी, असा प्रश्न नामाला विचारता येतो, म्हणून विशेषणवाक्य. पण ‘ती जशी बोलते तशी वागते’ यातही ‘तशी’ स्त्रीलिंगी आहे आणि तरीही तो ‘वागते’ या क्रियेची रीत सांगतो. मराठीत रीतिवाचक शब्दही कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतात, त्यामुळे शब्दाचा शेवट पाहून काही ठरवता येत नाही. प्रश्न कोणाला विचारला जातो, नामाला की क्रियापदाला, एवढेच पाहायचे. कशी वागते? क्रियापदाला. म्हणून क्रियाविशेषणवाक्य.

‘की’ आणि ‘म्हणून’ हे दोन शब्द तर यादी पाठ करणाऱ्यांचे वैरीच. ‘दार उघडले की मांजर आत येते’ यात ‘की’ आहे, पण ‘हे मांजर आत येते’ असे म्हणता येत नाही. ‘तेव्हा मांजर आत येते’ असे म्हणता येते. क्रियाविशेषणवाक्य. ‘चहा घेणार की सरबत घेणार?’ यातला ‘की’ विकल्प सांगतो, तेथे गौण वाक्यच नाही. दोन्ही बाजू समान आहेत आणि वाक्य संयुक्त आहे. ‘माझी इच्छा अशी आहे, की मुलीने शिकावे’ आणि ‘गर्दी अशी होती, की पाय ठेवायला जागा नव्हती’ या दोन्हींत ‘अशी’ आणि ‘की’ आहेत. ‘मुलीने शिकावे ही माझी इच्छा’ असे म्हणता येते, म्हणून पहिले नामवाक्य. ‘पाय ठेवायला जागा नव्हती ही गर्दी’ असे म्हणता येत नाही. गौण वाक्य गर्दी किती होती आणि तिचा परिणाम काय झाला ते सांगते, म्हणून ते परिणामदर्शक क्रियाविशेषणवाक्य.

‘म्हणून’ तीन प्रकारे येतो. ‘उद्या पैसे देतो म्हणून तो म्हणाला होता’ येथे त्याच्या जागी ‘असे’ बसते: नामवाक्य. ‘पहिली एसटी मिळावी म्हणून ती पहाटेच निघाली’ येथे ‘त्यासाठी’ बसते: क्रियाविशेषणवाक्य. ‘रात्रभर पाऊस झाला, म्हणून ओढ्याला पूर आला’ येथे ‘म्हणून’ परिणाम सांगतो आणि व्याकरणाची पुस्तके असा परिणामबोधक ‘म्हणून’ प्रधान वाक्ये जोडणारा मानतात, वाक्य संयुक्त. याच आशयाचे ‘ओढ्याला पूर आला, कारण रात्रभर पाऊस झाला’ हे वाक्य मात्र मिश्र धरतात, कारण ‘कारण’ हे गौणत्वसूचक अव्यय आहे. अर्थ एकच, घटना एकच, पण उत्तरपत्रिकेत दोन वेगळी नावे. परीक्षार्थीने ही वाटणी मान्य करावी हे बरे, पण ती सर्वत्र टिकत नाही. ‘मी तू बोलावलेस म्हणून आलो’ या रोजच्या वाक्यात ‘तू बोलावलेस म्हणून’ हा तुकडा प्रधान वाक्याच्या पोटात शिरला आहे, ‘का आलो?’ याचे सरळ उत्तर देतो आणि ‘बोलावल्यामुळे’ असा आक्रसतो. येथे परीक्षा जे सांगते तेच खरे धरायला हवे: ते क्रियाविशेषणवाक्य आहे. ऐकताना थांबण्याची जागाही मदत करते. विराम ‘म्हणून’च्या आधी असेल तर परिणाम सांगितला जात आहे, नंतर असेल तर कारण किंवा हेतू.

आता एक लांब वाक्य घेऊन सगळ्या पायऱ्या क्रमाने करून पाहता येतील.

‘जेव्हा धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हा ज्या गावांना आधी इशारा मिळाला होता त्या गावांतल्या लोकांनी ठरवले, की गुरे आधी उंचावर हलवावीत.’

क्रियापदे चार आहेत: उघडले, मिळाला होता, ठरवले, हलवावीत. म्हणजे वाक्ये चार. प्रधान क्रियापद कोणते? जेव्हा, ज्या, की यांपैकी एकाच्याही छायेत नसलेले ‘ठरवले’. उरलेली तीन वाक्ये झाकून त्यांच्या जागी मागे राहणारे शब्द ठेवले, तर वाक्य असे होते: ‘तेव्हा त्या गावांतल्या लोकांनी असे ठरवले.’ यात तीन जागा स्वच्छ दिसतात. ‘तेव्हा’ ही पहिल्याची जागा, म्हणून ‘धरणाचे दरवाजे उघडले’ हे कालदर्शक क्रियाविशेषणवाक्य. ‘त्या’ ही दुसऱ्याची जागा आणि तो ‘गावां’ना जोडलेला आहे, म्हणून ‘आधी इशारा मिळाला होता’ हे विशेषणवाक्य. ‘असे’ ही तिसऱ्याची जागा, म्हणून ‘गुरे आधी उंचावर हलवावीत’ हे नामवाक्य. ताळ्यासाठी सारे आक्रसले तर केवल वाक्य तयार होते: ‘धरणाचे दरवाजे उघडल्यावर आधी इशारा मिळालेल्या गावांतल्या लोकांनी गुरे उंचावर हलवण्याचे ठरवले.’ ‘-ल्यावर’, ‘-लेल्या’, ‘-ण्याचे’ ही तीन रूपे वरच्या तिन्ही उत्तरांशी जुळतात.

या वाक्यात तिन्ही गौण वाक्ये प्रधान वाक्याला थेट जोडलेली होती. कधी एक गौण वाक्य दुसऱ्या गौण वाक्याच्या पोटात असते. ‘जो म्हणतो की मला सगळे येते, त्याला शिकवणे कठीण.’ येथे बाहेरचे काम आधी करायचे: ‘त्याला शिकवणे कठीण’ हे प्रधान वाक्य, त्यात ‘आहे’ गाळलेला आहे. मागे ‘त्याला’ आहे, म्हणून ‘जो म्हणतो की मला सगळे येते’ हा संपूर्ण तुकडा विशेषणवाक्य. मग त्याच्या आत शिरायचे: ‘तो असे म्हणतो’. ‘मला सगळे येते’ हे ‘म्हणतो’चे कर्म, नामवाक्य, पण ते प्रधान वाक्यावर नव्हे, विशेषणवाक्यावर अवलंबून आहे. पृथक्करणात तसे नोंदवावे लागते. आतून बाहेर जाण्याचा प्रयत्न केला तर ‘मला सगळे येते’ कशाला जोडायचे, हे ठरेना होते.

संयुक्त वाक्याच्या एका बाजूत मिश्र वाक्य दडलेले असते तेव्हाही हाच क्रम चालतो. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.’ क्रियापदे तीन. ‘म्हणून’च्या आधी विराम आहे आणि पुढे परिणाम आहे, म्हणून वाक्याचे आधी दोन समान भाग पाडायचे: ‘दिसते तसे नसते’ आणि ‘जग फसते’. दुसऱ्या भागात आणखी काही नाही. पहिल्यात ‘नसते’ हे प्रधान क्रियापद, ‘तसे’ ही मागे राहिलेली जागा आणि ‘(जसे) दिसते’ हे रीतिदर्शक क्रियाविशेषणवाक्य.